ताईच्या चहाचं कॅप्शन

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात जाहिराती लिहायला लागले तेव्हा भिंतींवर रंगवायच्या ओळी लिहायचे. मग थिएटरमध्ये मध्यंतरात दाखवायच्या स्लाइड, पेपरात घालून वाटायची पत्रकं, पुढे केबलवर सिनेमाच्या खालून सरकणारी पट्टी. साड्यांचे सेल, क्लासेस, पंप, पापड. शब्द माझे असायचे आणि छापून आले की ते तिथेच राहायचे. भिंतीवरची ओळ चुकली तर पेंटरला बोलावून चुना मारून घ्यायचा. दोन दिवसांत विषय संपायचा.

रील्सचा काळ आला तेव्हा मी पन्नाशीच्या जवळ होते. आता मला ओळी लिहायचं काम कमी आणि दुसऱ्याला काय बोलता येईल, काय येणार नाही हे लिहायचं काम जास्त येऊ लागलं. इन्फ्लुएन्सरला द्यायचा ब्रीफ म्हणतात त्याला. ब्रँड काय आहे, व्हिडिओ किती लांबीचा, कुठल्या गोष्टी दाखवायच्या, कॅप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओखालच्या मजकुरात, काय हवं आणि काय अजिबात नको. मी असे बरेच लिहिले. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीसाठी लिहिला. त्याचीच ही हकिकत आहे.

ताई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. कसबा बावड्यात त्यांचं घर आहे, आणि घरामागे जी मोकळी जागा आहे तिथे ताईनं वर्षानुवर्षं गवती चहा लावलेला. गल्लीतलं कुणी आजारी पडलं की पोरं येऊन मूठभर पात तोडून न्यायची. कोरोनानंतर घराघरात काढे उकळायला लागले आणि ताईच्या डोक्यात आलं, की हा चहा वाळवून, पाकिटात भरून विकला तर?

निवृत्तीनंतरची दोन वर्षं ती घरात नुसती फिरत असायची. वर्गात चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई भाजी निवडताना पेंगायची. मुलगा परदेशात, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. त्यामुळे चहाचं काढलं तेव्हा मलाच बरं वाटलं. दाजींनी लॅबमधली सगळी हौस त्यात ओतली. पात किती वाळली की बुरशी धरत नाही, सुंठ किती, तुळस किती, वेलची टाकावी की नाही. ज्येष्ठमध घातला तर छान गोडी येते, पण दाजींनी तो घालू दिला नाही. म्हणाले, "ब्लड प्रेशरवाल्यानं रोज प्यायला तर त्याला त्रास व्हायचा. कोण विचारून पितंय?" शेवटी गवती चहा, तुळस, सुंठ आणि वेलची असं मिश्रण ठरलं. अन्नसुरक्षेचा परवाना काढला, त्याचा नंबर पाकिटावर छापला, ऑर्डरसाठी एक नवीन मोबाईल घेतला आणि त्याचा नंबरही छापला. गल्लीतल्या चार बायका वाळवायला आणि भरायला यायला लागल्या.

पाकिटं तयार झाली, पण घेणार कोण? ओळखीचे संपले की संपलं. मग ताईनं मला विचारलं, "तू दुसऱ्यांचं लिहितेस, आमचं लिहिणार नाहीस?"

पन्हाळ्यावर झुणका-भाकरीचं खोपटं चालवणारी एक तिशीची सून होती. चुलीसमोर फोन उभा करून ती स्वैपाकाचे व्हिडिओ करायची. पर्यटक जेवून जायचे आणि घरी जाऊन तिला फॉलो करायचे. बोलणं अगदी आपल्या बाजूचं, ठसक्याचं. कुठल्याही वस्तूची खोटी स्तुती करताना मी तिला पाहिलं नव्हतं. एका मिक्सरवाल्याला तिनं व्हिडिओतच सांगितलं होतं, की तुमचं भांडं गळतंय. मला ती पसंत पडली. महिनाभर आधी आम्ही तिला चहाची पाकिटं पाठवली, घरात पिऊन बघा म्हणून. मग ब्रीफ घेऊन मी, ताई आणि दाजी पन्हाळ्याला गेलो.

ब्रीफ मी मराठीतच लिहिला होता. चार पानं. तिनं कढईखालचा जाळ कमी केला, हात पुसले आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिचे सासरे बाजूला बाकावर बसून ऐकत होते.

एक रील, मिनिटाच्या आत. दोन स्टोऱ्या. पाण्याला उकळी, चहाची पूड, झाकण, वास, असं जे खरंच घडतं तेच दाखवायचं. टाकायच्या आधी व्हिडिओ आणि कॅप्शन आम्हाला दाखवायचं. आमच्या पानावर तीन महिने तोच व्हिडिओ वापरायची परवानगी. इथपर्यंत ती मान हलवत होती. मग कॅप्शनचं आलं.

"पहिल्याच ओळीत 'जाहिरात' म्हणून लिहायचं?" तिनं वर बघितलं. "मग कोण बगंल मावशी? माणूस जाहिरात म्हटल्यावर अंगठ्यानं ढकलतंय पुढं."

मी तिला समजावलं. पैसे घेऊन केलेला व्हिडिओ आहे हे लोकांना लगेच कळलं पाहिजे, असा नियम आहे. कॅप्शनच्या दोन ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी' दाबल्यावर. खाली हॅशटॅगच्या गर्दीत लिहिलं तर ते लपवल्यासारखंच. ज्या भाषेत बोलतेस त्याच भाषेत लिहायचं, आणि व्हिडिओत तोंडानंही सांगायचं. इन्स्टाचं पेड पार्टनरशिपचं लेबल लावायचं ते वेगळं.

"आन् नुसती पाकिटं फुकट दिली असती तर?"

"तरी सांगायचं. फुकट मिळालं म्हणजेही काहीतरी घेतलंच की."

तिला ते पटलं असावं. पुढचं पान 'हे बोलायचं नाही' असं होतं. बरा होतो, कमी करतो, शुगर, बीपी, वजन, सांधेदुखी, प्रतिकारशक्ती, डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्यांची गरज नाही. यातलं काहीही, कुठल्याही शब्दांत नाही. हा खाण्यापिण्याचा पदार्थ आहे, औषध नाही. बोलायचं ते वासाबद्दल, चवीबद्दल, आणि चहापत्ती नसल्यामुळे यात कॅफिन नाही एवढंच. त्याखाली मी लिहिलं होतं, की कॉमेंटला उत्तर देतानाही हेच नियम. कुणी आजाराचं विचारलं तर 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहायचं.

हे वाचून झाल्यावर ती दाजींना म्हणाली, "पण शुगर खरंच उतरली की! आमच्या मामंजींची. मागच्या महिन्यात दोनशेच्या वर हुती, परवा तपासली तर बरीच खाली."

सासरे बाकावरून हसले. दाजी त्यांच्याकडे वळले. "गोळ्या चालू आहेत?"

"हायत की. सकाळ-संध्याकाळ."

"आणि खाण्यात काही बदल?"

सूनच म्हणाली, "गूळ बंद केलाय. साखरेचा च्या बंद केलाय. त्याच्या जागी ह्यो देतोय की."

"मग चहाचं नाव कशाला घ्यायचं?" दाजी म्हणाले. "गोळ्या आणि पथ्य, त्यांनी उतरली. साखरेचे चार कप बंद झाले, तिथं आमच्या चहाऐवजी साधं पाणी दिलं असतं तरी उतरली असती."

ती हसली. "व्हय, ते बी खरंच हाय."

परत येताना घाटात ताई म्हणाली, "एवढं कुंपण कशाला घालायचं? बाई चांगली आहे." मला वाटलं, कुंपण घातलंय म्हणूनच आपल्याला शांत झोप लागेल.

कॅप्शनचा पहिला मसुदा तिनं पाठवला त्यात 'अंगातली सगळी घाण काढतो' असं होतं. मी ते काढायला सांगितलं. दुसऱ्यात 'सर्दी पळून जाते'. तेही काढलं. तिसरा आला तो असा होता: 'जाहिरात. ह्या व्हिडिओचं मला पैसं मिळाल्यात. गवती चहा, तुळस, सुंठ आन् वेलची. चहापत्ती न्हाय. आधी झाकण काढून वास घ्या, मग मला सांगा.'

तीस वर्षं ओळी लिहून मला अशी ओळ जमली नसती. मी एकही अक्षर बदललं नाही.

व्हिडिओ सकाळी टाकला. सुंदर होता. धुक्यात चूल, वाफ, सासऱ्यांनी दोन्ही हातांत धरलेला कप, आणि तिचं ते "जाहिरात हाय बरं का, आधीच सांगते" हे मोकळं बोलणं. पहिले दोन दिवस किरकोळ ऑर्डरी आल्या. ताई ऑर्डरचा फोन पदरात घेऊनच फिरत होती. तिसऱ्या दिवशी तो वाजायला लागला आणि थांबेचना.

ते दिवस मला ताईच्या चेहऱ्यावरून आठवतात. ती पुन्हा शाळेतल्यासारखी झाली. चार बायकांच्या सात झाल्या. पुढच्या खोलीत चटया अंथरून त्या पाकिटं भरायच्या आणि ताई त्यांच्यामधून फिरत एकेकीला वजन करून दाखवायला लावायची. घरामागचा गवती चहा दोन दिवसांत संपला, मग दाजी बावड्यातल्या शेतकऱ्यांकडून पात आणायला लागले. आल्या-आल्या ती हुंगून, मोडून बघायचे आणि अर्धी परत पाठवायचे. परदेशातल्या मुलानं व्हिडिओ कॉलवर सगळ्या बायकांना नमस्कार केला. ताईनं फोन हातात धरून त्याला सगळी खोली दाखवली, मागची चटई, पुढची चटई, पत्ते चिकटवलेली खोकी.

मी तिथे गेले होते त्या दुपारी ताई फोनवर होती. तिचं बोलणं मध्येच अडखळलं.

"जेवणाआधी की नंतर? तुम्हाला आवडेल तेव्हा घ्या." मग थोडं थांबून, "किती दिवसांत कसला फरक?"

पलीकडचा माणूस बोलत राहिला. ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही हो, शुगरसाठी नाही हा. हा नुसता चहा आहे."

तिनं फोन ठेवला. "आज हा तिसरा," ती म्हणाली. "मला वाटलं, असंच विचारतात लोक."

मी व्हिडिओ उघडला. कॅप्शन जसंच्या तसं होतं. मग कॉमेंट उघडल्या. सगळ्यांत वर, पिन लावून ठेवलेला एक प्रश्न होता, 'शुगरवाल्यांनी घेतला तर चालतो का?' आणि त्याखाली पन्हाळ्याच्या सुनेचं उत्तर: 'व्हय की. आमच्या मामंजींची उतरली.'

त्या उत्तराखाली माणसांची रांग लागली होती. माझ्या वडिलांसाठी पाहिजे. आईला तीनशे आहे, चालेल का? नंबर द्या. पत्ता द्या. गोळ्या बंद केल्या तर चालतं का? ह्या शेवटच्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं, 'मी तर बंद केल्या, मस्त आहे.'

मी तिथूनच पन्हाळ्याला फोन लावला. तिनं आनंदानं उचलला. "बगितलं का मावशी, किती चाललाय!"

"ते कॉमेंटमधलं उत्तर काढ आधी. आत्ता. मी फोनवर थांबते."

"कुठलं? ते शुगरचं?" तिला खरंच कळत नव्हतं. "पण ती जाहिरात न्हवती की. जाहिरात वर हाय, तुमच्या सांगण्यापरमानंच लिवली. खाली तर मी बोलले. एका बाईनं इचारलं, मी सांगितलं. आता मामंजींची उतरली हे काय खोटं हाय व्हय?"

"आणि पिन का केलंस?"

"सारखं सारखं तेच इचाराय लागले. किती जणांना उत्तर देऊ? म्हणून वर लावून ठेवलं."

दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. ते कधी कुणावर ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "तुझे सासरे गोळ्या घेत होते, ते कुणाला माहीत आहे? तू लिहिलंस का ते?"

पलीकडे कपबशा आपटल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "काढते. आत्ताच्या आत्ता काढते."

तिनं काढलं. एवढंच नाही, संध्याकाळी सासऱ्यांना शेजारी बसवून तिनं नवीन व्हिडिओ केला. सासऱ्यांनी गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. ती म्हणाली, "ह्यांची शुगर ह्यांनी उतरली, चहानं न्हवं. मी चुकीचं लिवलं. कुणी गोळ्या बंद करू नगासा." तिनं त्याचे पैसे मागितले नाहीत आणि असा व्हिडिओ कर असं आम्ही सुचवलंही नव्हतं.

तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिलाच नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या अर्ध्यांनी खाली शिव्या दिल्या. एकानं लिहिलं, 'औषध कंपनीनं गप्प केलं वाटतं.' दुसऱ्यानं, 'खरं बोलली तर धमकी आली असणार.' तिच्या पहिल्या उत्तराचा फोटो लोकांनी आधीच काढून ठेवला होता. आरोग्याच्या नावाखाली काहीबाही टाकणाऱ्या कुठल्यातरी पानानं तिचा मूळ व्हिडिओ कापला, पुढचं "जाहिरात हाय बरं का" उडवलं आणि वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं: 'पन्हाळ्याच्या सुनेनं सासऱ्यांची शुगर मुळापासून घालवली. गोळ्या कायमच्या बंद.' खाली आमच्या पाकिटाचा फोटो होता, त्यावर ताईचा नंबर.

मी त्या पानाला लिहिलं. उत्तर नाही. इन्स्टाला तक्रार केली. दोन दिवसांनी निरोप आला, की ही पोस्ट आमच्या नियमांत बसते. आमच्याच तिघांच्या फोनवरून पुन्हा तक्रार केली. तोवर तो कापलेला व्हिडिओ वॉट्सॲपवर फिरायला लागला होता. तिथं तक्रार कुणाकडे करायची? मी ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्यात शब्द मागे घ्यायची एक तरी रीत असायची. चुना, दुरुस्तीची नोट, दुसरी स्लाइड. इथं काहीच हाताशी नव्हतं.

ऑर्डरी मात्र दुपटीनं यायला लागल्या. पाकिटं भरणाऱ्या बायका खूश होत्या, त्यांना आम्ही सगळं सांगितलं तरी त्यातल्या एकीनं विचारलं, "पण आक्का, कुणाला खरंच गुण येत असंल तर?"

दाजी म्हणाले, "विक्री थांबवायची." ताई म्हणाली, "दोन दिवस थांबा." त्यांचं भांडण मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईचं म्हणणं होतं, की आपण थांबलो तर लोक दुसऱ्या कुणाचा तरी घेतील, त्याहून फोन करणाऱ्या प्रत्येकाला आपण समजावून सांगू. "मी चाळीस पोरांना समजावलंय. ही तर मोठी माणसं."

आणि ती खरंच समजावायला लागली. फोन आला की आधी विचारायची, "कुणासाठी घेताय? शुगर आहे का? गोळ्या चालू आहेत का?" मग शांतपणे सांगायची. बहुतेक जण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं बरं, पाठवा तुम्ही." काही जण चिडायचे. एक बाई म्हणाली, "मला विकायचा नाही तर नंबर कशाला छापलाय?" दोन दिवसांचे तीन-चार आठवडे झाले, ताईचा आवाज बसला. मग तिनं आधी ज्यांना पाठवलं होतं त्या सगळ्यांना उलटे फोन करायला सुरुवात केली. मी आणि दाजीही आपापल्या फोनवरून करत होतो.

वारणानगरच्या एका नंबरवर मुलानं फोन उचलला. ताईनं नेहमीचं सांगायला सुरुवात केली. तो मध्येच म्हणाला, "मॅडम, उशीर झाला."

त्याचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तो कापलेला व्हिडिओ आल्यापासून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, घरात कुणाला न सांगता. चप्पल घासून पायाला जखम झाली, ती चिघळली. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर मोजायच्या यंत्रावर आकडासुद्धा येत नव्हता, नुसतं इंग्रजीत 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडे, दाखवत होतं. पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय राहील का याची डॉक्टर अजून खात्री देत नव्हते.

ताईनं फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जाऊन बायकांना सांगितलं, "आजपासून बंद. घरी जा." एवढंच. त्या एकमेकींकडे बघत उठल्या. सात जणींचे हात तुळशीनं हिरवे झालेले.

दाजी नको म्हणत असताना ताई वारणानगरला निघाली. मी सोबत गेले. कामगारांच्या वसाहतीत खालच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. म्हातारबाबा कॉटवर बसले होते, डावा पाय उशीवर, त्याला जाड पट्टी. मुलगा दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही आणि जा म्हणूनही म्हणाला नाही.

ताईनं सांगितलं, मी कोण. म्हातारबाबांचा चेहरा खुलला.

"या की, बसा, बसा. एवढ्या लांबनं आलासा?" त्यांनी आत हाक मारली. "च्या टाका गं ह्यांना! ह्यांचाच."

ताई म्हणाली, "बाबा, चहा नको. मी तुम्हाला सांगायला आलेय. तो औषध नाही. त्यानं शुगर उतरत नाही. तुम्ही गोळ्या सोडायला नको होत्या."

"गोळ्या आता घेतोय की. ह्ये पोरगं सोडतंय व्हय?" त्यांनी मुलाकडे मान हलवली. "पण खरं सांगू? ह्यो चहा घ्यायला लागल्यापास्नं मला तरतरी हुती. ती चप्पल नडली. चप्पल नवी हुती, घासली."

"चप्पल नाही हो. शुगर वाढली म्हणून जखम भरली नाही."

"आसंल. डॉक्टर बी तेच म्हणतोय." ते हसले, मला वाटतं आम्हाला बरं वाटावं म्हणून. मग आवाज खाली आणून ताईला म्हणाले, "पाकीट संपत आलंय. पोराला सांगू नगा, पर दोन पाठवून द्यायचं बगा."

मुलानं ते ऐकलं. तो बाहेर निघून गेला आणि आम्ही निघेपर्यंत आत आला नाही. आतून सून चहा घेऊन आली. ताईनं कप हातात घेतला, पण तिला तो ओठाला लावता येईना. कप तसाच खाली ठेवून ती उठली. एसटीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "तू गप बस."

काही आठवड्यांनी त्यांचा पाय घोट्याच्या वरून काढला, असं कळलं. मुलानंच फोन करून सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत, केस करतो म्हणालाही नाही. फक्त सांगितलं आणि ठेवून दिला.

नंतर मी एका वकिलांना ब्रीफ दाखवला. त्यांनी चारही पानं वाचली आणि म्हणाले, तुमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. कॉमेंटचा मुद्दासुद्धा घातलाय. ती पानं मी घरी आणली आणि ताईला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग?" मी ती चारही पानं घडी करून ठेवून दिली.

पन्हाळ्याची ती सून एकदा बावड्याला येऊन गेली. वारणानगरच्या बाबांचा पाय काढल्याचं आम्ही तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कुठून तरी कळलं होतं. ती उंबऱ्यातच बसली. ताईनं तिला पाणी दिलं. "मोठ्या मावशी, मी खोटं बोलले न्हवते," ती म्हणाली. ताई म्हणाली, "माहीत आहे." जाताना ती म्हणाली, की आता जाहिराती घेत नाही. पुढे तिनं व्हिडिओ टाकणंही बंद केलं. पन्हाळ्यावर गेलं तर ती अजून भाकरी थापताना दिसते, फोन मात्र समोर नसतो. पर्यटक ओळखून विचारतात, "त्या तुम्हीच का शुगरवाल्या?" तेव्हा ती नाही म्हणते.

उरलेला चहा दाजींनी घरामागे खड्डा काढून पुरला. ताईनं गवती चहाची बेटंही उपटायला लावली. आता गल्लीतली पोरं येतात आणि रिकाम्या हातानं परत जातात. ती जागा तशीच पडून आहे, त्यात गवत वाढलंय. सात बायकांपैकी दोघी कुठल्याशा मसाल्याच्या कारखान्यात जातात, बाकीच्यांचं मला माहीत नाही. मुलाचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल येतो. ताई फोन दाजींकडे देते.

ऑर्डरचा मोबाईल मात्र तिनं बंद केला नाही. मी म्हटलं, नंबर बंद करून टाक, सुटशील. ती म्हणाली, "तो व्हिडिओ फिरतोय ना अजून? लोक फोन करणार. उचलला नाही तर दुसरीकडून घेतील." फोन कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. कधी नांदेडहून, कधी विजापूरहून, तोडक्यामोडक्या मराठीत. ताई भाजी चिरत असली तर सुरी ठेवते, हात पुसते, आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगते. पलीकडचा माणूस ऐकतो. बहुतेक वेळा शेवटी एकच विचारतो, पण चहा मिळेल ना?

मागच्या रविवारी मी तिथेच होते. फोन आला, तिनं सगळं सांगितलं, मग थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "नाही. नाही मिळणार." फोन ठेवून तिनं सुरी पुन्हा उचलली.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"बाई होती," ताई म्हणाली. "म्हणाली, मग शुगरचा कुठला मिळतो तेवढं तरी सांगा."